सबमीटरच्या फोटोत 6 आहे की 8, हे नक्की कसं ओळखायचं?

प्रश्न: राजारामपुरीत आमच्या तीन खोल्या भाड्यानं दिल्यात. भाडेकरू दर महिन्याला डिजिटल सबमीटरचा फोटो व्हॉट्सअपवर पाठवतात. 6, 8, 5, 9 यांत कायम घोळ होतो आणि मग बिलावरून वाद. फोटोवरून आकडा खात्रीनं कसा वाचायचा?

उत्तर:

आकडा अख्खा बघून ओळखायला जाऊ नका, पट्टी-पट्टीनं वाचा. प्रत्येक आकडा सात पट्ट्यांचा असतो: तीन आडव्या (वरची, मधली, खालची) आणि चार उभ्या (डावीकडं वर-खाली, उजवीकडं वर-खाली). घोळ होतो तो एका पट्टीनं फरक असणाऱ्या जोड्यांत. 8 मधून मधली पट्टी काढली की 0, उजवी वरची काढली की 6, डावी खालची काढली की 9. या दोन्ही उभ्या काढल्या की 5. तुमचे चारही आकडे या दोन पट्ट्यांतच अडकलेत, त्यामुळं फोटो मोठा करून त्या दोनच जागा बघायच्या. 1 आणि 7 मध्येही फक्त वरच्या आडव्या पट्टीचा फरक असतो.

अडचण अशी की एलसीडीवर बंद पट्टीही कधीकधी फिकट करडी दिसते. पट्ट्या गटागटानं चालवलेल्या असल्यानं बंद पट्टीलाही थोडा व्होल्टेज पोचतो. समोरून ते जाणवत नाही, पण तिरक्या कोनातून ती पट्टी उमटते आणि 6 चा 8 वाटतो. म्हणून ‘दिसते की नाही’ हा प्रश्नच चुकीचा. ‘त्याच फोटोतल्या नक्की चालू आणि नक्की बंद पट्टीच्या तुलनेत किती गडद आहे’ हे बघायचं.

उदाहरण घेऊ. मागचं रीडिंग 3942 होतं. आताच्या फोटोत 4, 0, मग एक शंकेचा आकडा आणि शेवटी 7. शंकेच्या आकड्यात तिन्ही आडव्या, डावी वरची आणि उजवी खालची पट्टी स्वच्छ आहे, म्हणजे 5 चा सांगाडा पक्का. उजवी वरची आणि डावी खालची यांबद्दल शंका. शक्यता चार: 4057, 4067, 4087, 4097. वापर अनुक्रमे ११५, १२५, १४५ आणि १५५ युनिट. एका खोलीला चारही पटण्यासारखे, त्यामुळं मागच्या महिन्यांच्या अंदाजावरून निकाल लागत नाही.

आता शेजारचे आकडे मापाला घ्या. डावीकडचा 0 पक्का आहे, कारण तो 8 धरला तर वापर नऊशे युनिटांच्या आसपास जातो. म्हणजे त्याच्या मधल्या जागी जे फिकट दिसतंय ते या फोटोतलं ‘बंद पट्टी’चं माप. त्याचीच डावी खालची पट्टी हे ‘चालू’चं माप. उजवीकडच्या 7 ची उजवी वरची पट्टी चालू आणि डावी खालची बंद, म्हणजे दोन्ही शंकांच्या जागांना तिथं जोड मिळते. तुलना केल्यावर शंकेच्या आकड्याची डावी खालची पट्टी 0 च्या डाव्या खालचीइतकी काळी निघाली आणि उजवी वरची 0 च्या मधल्या जागेइतकी फिकट. म्हणजे डावी खालची चालू, उजवी वरची बंद: आकडा 6, रीडिंग 4067, वापर १२५ युनिट. माप नेहमी लगतच्या आकड्याचं घ्यावं, कारण तिरक्या फोटोत स्क्रीनच्या एका टोकाकडून दुसरीकडं गडदपणा बदलत जातो.

ही तुलना जमायला फोटो बरा हवा. भाडेकरूंना सांगा: फ्लॅश बंद, मोबाइल स्क्रीनच्या अगदी समोर, आणि आकडे फिकट वाटले तर मोबाइल थोडा वर-खाली करून जिथं काळे-पांढरे सर्वांत स्वच्छ दिसतात तिथं थांबायचं. मीटर जिन्याखाली उंचावर असेल तर खालून हात वर करून घाईत काढलेला फोटो हमखास फसतो; स्टूल घ्यावं. काचेवर दाराचा उजेड चमकत असेल तर दुसऱ्या हातानं किंवा वहीनं आडोसा करावा. फोटो व्हॉट्सअपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा. साधा पाठवला की तो आकुंचन पावतो आणि पट्ट्यांमधल्या बारीक फटी आधी जातात.

मीटरची स्क्रीन आपोआप बदलत असेल तर आणखी एक घात होतो. एलसीडीच्या पट्ट्या सावकाश विझतात, त्यामुळं बदलाच्या क्षणी काढलेल्या फोटोत जुना आणि नवा आकडा एकावर एक पडतो. 2 वर 5 पडला की सातही पट्ट्या भरून चक्क 8 तयार होतो. म्हणून माझा आग्रह फोटोऐवजी स्क्रीनची एक पूर्ण फेरी होईल इतक्या व्हिडिओचा असतो. त्यात रीडिंग स्थिर असतानाचा क्षण मिळतो, शेजारी kWh लिहिलंय का तेही दिसतं (kW किंवा व्होल्टेजचा आकडा रीडिंग म्हणून येता कामा नये), आणि पुष्कळ मीटर फेरीत किंवा लाईट आल्यावर सगळे 8 दाखवतात तेही सापडू शकतात.

ते सगळे 8 महत्त्वाचे, कारण एखादी पट्टी कायमची मेली असेल तर ती तिथंच पकडली जाते. असा 8 येत नसेल तर शेवटचा आकडा बदलत जाताना बघा. डावी खालची पट्टी मेली असेल तर 6 चा 5 आणि 8 चा 9 होऊन बेमालूम फसवणूक होते, पण 0 आणि 2 कुठल्याच आकड्यासारखे दिसत नाहीत. उजवी वरची मेली तर 8 चा 6 होतो, मात्र 1 चा खालचा अर्धाच उरतो. असा मोडका आकडा एकदा दिसला की त्या जागेवरचं वाचन सोडा आणि मीटर बदला.

याच पद्धतीनं इतर डिस्प्लेही वाचता येतात. घड्याळात मिनिटांचा दशक 5 च्या पुढं जात नाही, तिथं 6 वाटला तर तो 5 समजून पट्ट्या तपासा. वजनकाट्याच्या पाटीवर e = 5 g असेल, म्हणजे काटा 5 ग्रॅमच्या टप्प्यानं मोजत असेल, तर ग्रॅममधला शेवटचा आकडा 0 किंवा 5 च असतो. मार्केट यार्डात गुळाच्या वजनाला असतात तसल्या लाल एलईडी काट्यांचं मात्र वेगळं आहे. तिथं आकडे आळीपाळीनं, डोळ्याला कळणार नाही इतक्या वेगानं लागतात, त्यामुळं उन्हात मोबाइलनं झटकन टिपलेल्या फोटोत एखादा आकडा गायब किंवा अर्धवट येतो. उलट अंधारात लाल झगझगाट बंद पट्टीवर पसरतो. सावलीत, प्रो मोडमध्ये शटर १/५० सेकंद आणि आयएसओ सर्वांत कमी ठेवलं की दोन्ही टळतं.

एवढं करूनही दोन शक्यता उरल्या तर त्या महिन्याला लहान आकडा धरा आणि वहीत दोन्ही लिहून ठेवा. सबमीटरचं रीडिंग साठत जाणारं असतं, त्यामुळं तुम्ही युनिटमागं एकच दर लावत असाल तर राहिलेली युनिटं पुढच्या स्वच्छ फोटोत आपोआप येतात. भाडेकरू खोली सोडत असेल तेव्हा हे चालत नाही. त्या दिवशी दोघांनी मीटरसमोर उभं राहून वाचावं.