समाजशास्त्रज्ञ महासिद्धांतांपेक्षा मध्यम पल्ल्याचे सिद्धांत का पसंत करतात? गुन्हेगारी किंवा कुटुंबाच्या अभ्यासातलं एखादं उदाहरण मिळेल का?

कारण महासिद्धांत तपासून बघता येत नाही. गुन्हे वाढले तर समाजाची मूल्यव्यवस्था ढासळली, गुन्हे घटले तर व्यवस्थेने पुन्हा तोल साधला. साऱ्या समाजाला एकाच मांडणीत बसवणारा प्रकार्यवादी समाजशास्त्रज्ञ टॅलकॉट पार्सन्स, त्याच्या चौकटीत ही दोन्ही वाक्यं सारखीच व्यवस्थित बसतात. कुठला आकडा समोर आला की पार्सन्स चुकला असं म्हणायचं, हे मला एम.ए.ला कोणी सांगितलं नाही आणि आज स्वतः शिकवत असतानाही मला ते सांगता येत नाही. रॉबर्ट मर्टन हा पार्सन्सचाच हार्वर्डमधला विद्यार्थी, आणि १९४९ पासून तो हेच सांगत राहिला की साऱ्या समाजाला एका मांडणीत कोंबू नका, एक प्रश्न घ्या आणि त्याचं उत्तर असं मांडा की ते खोटं ठरायची सोय राहील. अशा उत्तरालाच तो मध्यम पल्ल्याचा सिद्धांत म्हणतो. बाकी व्याख्या कुठल्याही पाठ्यपुस्तकात आहे. मी थेट घरफोडीवर येते, कारण त्यावरून माझं एका मोठ्या माणसाशी जे वाजलं ते अजून मिटलेलं नाही.

एम.फिल.ला मी दिवसाच्या घरफोड्या हा विषय घेतला होता. आराखडा मांडायच्या दिवशी समितीतल्या ज्येष्ठ प्राध्यापकांनी दोन पानं चाळली आणि विचारलं, "बाई, सैद्धांतिक चौकट कुठाय? मार्क्सवादी की प्रकार्यवादी?" मी म्हटलं, सर, कोहेन आणि फेल्सन. ते म्हणाले, "कुलपं कोणाची तुटली हे मोजणं पोलिसांचं काम. ह्यात समाजशास्त्र काय आहे?" बाकीचे मान डोलावत होते.

ह्यात समाजशास्त्र काय आहे, ते सांगते.

१९६० नंतरच्या अमेरिकेत एक विचित्र गोष्ट घडत होती. गरिबी कमी होत होती, शिक्षण वाढत होतं, आणि तरी १९६० ते १९७५ या काळात नोंदल्या गेलेल्या जबरी चोऱ्यांचा दर २६३ टक्क्यांनी वाढला. गरिबीमुळे गुन्हे होतात असं मानणाऱ्यांची पंचाईत झाली. मूल्यं ढासळली म्हणणाऱ्यांची मात्र काहीच पंचाईत झाली नाही, कारण ते वाक्य कधीही म्हणता येतं. लॉरेन्स कोहेन आणि मार्कस फेल्सन यांनी १९७९ मध्ये प्रश्नच फिरवला. माणूस चोर का होतो हे त्यांनी बाजूला ठेवलं. चोरी व्हायची तर एकाच वेळी, एकाच जागी काय काय जुळून यावं लागतं, एवढंच त्यांनी विचारलं. चोरीला तयार असलेला माणूस हवा, उचलण्याजोगी वस्तू हवी, आणि राखणीला कोणी नको. तिन्ही जुळले नाहीत तर चोरी होत नाही. मग चोरांची संख्या आहे तेवढीच राहिली, पण लोकांचा दिनक्रम बदलला, तरीही चोऱ्या वाढतील.

आता हा सिद्धांत स्वतःची मान कशी पुढे करतो बघा. तो खरा असेल तर रात्रीच्या घरफोड्यांपेक्षा दिवसाच्या घरफोड्यांचा वाटा वाढायला हवा, कारण रिकामी झाली ती दिवसाची घरं. तसा तो वाढला. १९६० मध्ये एकूण घरफोड्यांत राहत्या घरातल्या दिवसाच्या घरफोड्यांचा वाटा साधारण सहावा हिस्सा होता, १९७५ पर्यंत तो एक तृतीयांशाच्या घरात गेला. घरं खरोखर रिकामी होती का, हेही त्यांनी गृहीत धरलं नाही. सकाळी आठ वाजता जनगणना खात्याच्या माणसाने दार वाजवलं तर कोणीच नसायचं, अशा घरांचं प्रमाण १९६० ते १९७१ मध्ये जवळपास निम्म्याने वाढलेलं त्यांना सापडलं. लग्न झालेल्या बायका नोकरीला लागल्या होत्या, मुलं कॉलेजात होती, एकेकटे राहणारे वाढले होते. म्हणजे तुम्ही गुन्हेगारी किंवा कुटुंब असं विचारलंत, पण हे उदाहरण दोन्हीचं आहे. दुपारी घरी कोण असतं हा कुटुंबाचाच प्रश्न आहे.

आणि वस्तू? त्यासाठी त्यांनी सीअर्स या दुकानाचे जुने कॅटलॉग उघडले आणि वजनं बघितली. १९६० मध्ये विकायला असलेला सर्वांत हलका टीव्ही ३८ पौंडांचा, म्हणजे सतरा किलोच्या पुढे. १९७० मध्ये सर्वांत हलका १५ पौंडांचा, सातेक किलोचा, काखेत मारून जिना उतरता येईल असा. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा रात्रभर झोप आली नाही. समाज कळायला कॅटलॉगमधला वजनाचा रकाना वाचावा लागतो, हे मला तोवर कोणी दाखवलंच नव्हतं.

माझं काम यापुढे फार लहान होतं, पण ते मी पोलीस ठाण्यात बसून केलं. आपल्याकडे त्या वेळी एक सोय अशी होती की भारतीय दंड विधानातच दिवसाची आणि रात्रीची घरफोडी वेगळी होती. चोरीचं कलम ३८० दोन्हीकडे, पण दिवसा असेल तर सोबत ४५४ आणि सूर्यास्तानंतर असेल तर ४५७. त्यामुळे गुन्हे नोंदवहीतून दिवसाचे गुन्हे कलमावरूनच वेगळे काढता यायचे. फिर्यादी एकाच साच्यातल्या असत. "फिर्यादी व त्यांची पत्नी कामावर गेले असता अज्ञात इसमाने बंद घराचा कडीकोयंडा उचकटून", आणि पुढे दागिन्यांची यादी. टीव्ही जवळपास कधीच नाही. आपल्याकडे उचलण्याजोगी वस्तू म्हणजे सोनं. मंगळसूत्र, पाटल्या, गंठण, सगळं मुठीत मावणारं.

इथे सिद्धांत मला जिथे घेऊन गेला तिथे मी आपणहून गेले नसते. सोनं तर पुष्कळ लोक बँकेच्या लॉकरमध्ये ठेवतात, मग ते घरात कधी असतं? ठाण्यातल्या एका हवालदारांना विचारलं. ते न थांबता म्हणाले, "लग्नसराईत, मॅडम. लग्नासाठी काढतात, मग बँकेला सुट्टी, मग साहेबांना रजा नाही. दागिना आठ-पंधरा दिवस कपाटातच." नोंदवहीत पुन्हा बघितलं तर त्या दिवसांतल्या फिर्यादींत नुकतंच लग्न उरकलेली घरं खरंच दिसत होती. राखणीचंही तेच. सोसायटीला वॉचमन असायचा, पण तो फाटकाशी बसून गाड्या बघायचा आणि जिन्यावर कोण चढतंय हे त्याला दिसायचं नाही. पूर्वी समोरच्या दारात धान्य निवडत बसलेली आजी जिन्यावरच्या माणसाला "कोण हवंय?" विचारायची. त्या इमारतींमध्ये दुपारी अशी आजीच नव्हती. कोहेन-फेल्सन राखणदार म्हणतात तेव्हा पोलिसापेक्षा ह्या आजीबद्दल जास्त बोलत असतात.

हे सगळं लिहून झाल्यावर समितीच्या आग्रहाखातर मला पार्सन्सवर एक प्रकरण घालावं लागलं. घातलं. चार कार्यात्मक गरजा, आकृतीसकट. प्रबंध मंजूर झाला. नंतर मी ते प्रकरण काढून बाकीचा प्रबंध पुन्हा वाचला. एकही वाक्य बदलावं लागलं नाही, एकही निष्कर्ष हलला नाही. कोहेन-फेल्सन काढले असते तर मी नोंदवहीत काय शोधायचं हेच मला कळलं नसतं. त्या सरांना मला तेव्हा हेच सांगायचं होतं, आणि आज त्यांचे विद्यार्थी ठिकठिकाणी समित्यांवर बसून तोच प्रश्न विचारतात म्हणून इथे सांगते. चौकट कुठली, हा प्रश्न चुकीचा नाही. पण त्याचं उत्तर एखाद्या पंथाचं नाव असू नये. तुमच्या सिद्धांतावरून कुठला रकाना उघडायचा हे ठरत असेल, तर ती चौकट आहे. विद्यार्थ्याला मार्क्स की पार्सन्स निवडायला लावणं ही शिस्त नव्हे, ती त्याची दोन वर्षं खाणारी सवय आहे.

आता मर्यादा, कारण त्या लपवल्या तर मीही महासिद्धांतवाल्यांसारखंच करेन. चोरीला तयार असलेला माणूस कुठून येतो, यावर हा सिद्धांत गप्प आहे. बेकारी, व्यसन, पारधी समाजावर इंग्रजांच्या गुन्हेगार जमाती कायद्याने मारलेला आणि कायदा १९५२ मध्ये रद्द होऊनही न पुसलेला गुन्हेगारीचा शिक्का, यातलं काही त्याने उलगडत नाही. तो फक्त अज्ञात इसमाला दार उघडं सापडतं का, एवढंच सांगतो. दुसरं, बायका कामाला गेल्या म्हणून चोऱ्या वाढल्या, असा त्याचा अर्थ काढणारे मला माझ्याच प्रबंधाच्या मौखिक परीक्षेत भेटले. तो अर्थ निघत नाही. घर रिकामं राहतं कारण दोघेही बाहेर असतात, आणि नवरा तर आधीपासूनच बाहेर होता. तिसरं म्हणजे, एक इमारत सुरक्षित केली तर चोर शेजारच्या इमारतीत जातो का, यासाठी नुसती एका ठाण्याची नोंदवही पुरत नाही. माझ्याकडे तेवढंच होतं.

पण मर्यादा सांगता येतात हाच मुद्दा आहे. कोरोनाच्या टाळेबंदीत घरं भरली आणि दुकानं ओस पडली तेव्हा या सिद्धांताची जगभर परीक्षा झाली. कित्येक शहरांत घरफोड्या घटल्या, आणि व्हँकूव्हरसारख्या ठिकाणी बंद दुकानं फोडण्याचं प्रमाण वाढलं. उलटं झालं असतं तर आम्हाला कोहेन-फेल्सन बाजूला ठेवावे लागले असते.

परीक्षेसाठी विचारत असाल तर मर्टनचं नाव, १९४९ आणि कोहेन-फेल्सनच्या चोरीच्या तीन अटी लिहा, गुण मिळतील. प्रबंधासाठी विचारत असाल तर मार्गदर्शक नक्की करण्याआधी त्यांनी अलीकडे मार्गदर्शन केलेला एखादा प्रबंध ग्रंथालयातून काढा, त्यातलं सिद्धांताचं प्रकरण बाजूला ठेवा आणि उरलेलं वाचून बघा.