दिवसभर चालू असलेलं गोकुळधाम

"मी एकटी राहते. उठल्यापासून झोपेपर्यंत 'तारक मेहता' लावून ठेवते. बघत नसते, नुसता आवाज हवा असतो. मुलगी म्हणते, आई, तुला व्यसन लागलंय. बंद करायला हवं का?"

ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. विचारणाऱ्या बाई साठीच्या पुढच्या, निवृत्त शिक्षिका. यजमान जाऊन दोन वर्षं झालेली, मुलगी परगावी. पहिल्या भेटीत त्यांचा सूर कबुलीजबाबासारखा होता, जणू चोरून काहीतरी करताना पकडल्या गेल्या होत्या.

अशा वेळी "किती तास?" हा प्रश्न फारसा उपयोगी पडत नाही. दिवसभर आकाशवाणी लावून स्वयंपाक करणाऱ्या पिढीला कुणी व्यसनी म्हटलं नव्हतं. त्यापेक्षा आवाज कोणत्या वेळी लागतो, तेव्हा हात कशात असतात आणि त्या आवाजापायी काय राहून जातं, हे बघावं लागतं. म्हणून त्यांना आठवडाभराचं काम दिलं. कालनिर्णयच्या मागच्या कोऱ्या जागेत रोज चार गोष्टी लिहायच्या: टीव्ही कधी लावला, कधी बंद झाला, तेव्हा हात कशात होते, आणि "आत्ता मालिकेत काय चाललंय?" असं कुणी विचारलं तर सांगता आलं असतं का. सवय मात्र तेवढे दिवस बदलायची नाही. पहिल्याच दिवशी टीव्ही कमी केला, तर नोंद खोटी होते.

नोंदी आल्या तेव्हा एका सवयीचे सरळ तीन तुकडे पडले.

पहिला तुकडा सकाळचा. भाजी निवडताना, पोळ्या लाटताना टीव्ही चालू, आणि शेवटच्या रकान्यात बहुतेक वेळा "अर्धवट सांगता येईल". जेठालाल बापूजींपासून काहीतरी लपवतोय एवढं कळत होतं, काय लपवतोय ते नाही. हा वापर निर्धोक आहे. जुनी विनोदी मालिका यासाठी चांगली का, तर तिच्यात पुढे काय होणार ते आपल्याला आधीच ठाऊक असतं. घोळ होणार, भिडे चिडणार, शेवटी सगळं निस्तरणार. लक्ष द्यावंच लागत नाही. बातम्यांतल्या चर्चा किंवा रडक्या मालिका लावून बघा, हात पोळीवर असले तरी खांदे आखडतात.

हे केवळ मनाचे खेळ नाहीत. पडद्यावरच्या माणसांशी जडणाऱ्या एकतर्फी ओळखीबद्दल हॉर्टन आणि वोल या दोन अभ्यासकांनी 1956 सालीच लिहून ठेवलं आहे. पुढे 2009 मध्ये अमेरिकेत झालेल्या प्रयोगांत असं दिसलं, की आवडत्या मालिकेची आठवण आपल्याला कुणीतरी आपलं असल्याची भावना तात्पुरती देते. गोकुळधाममध्ये तर ही सोय ठासून भरलेली आहे. 2008 पासून तीच सोसायटी, तेच जिने, कुणीही कुणाच्या घरात बेल न वाजवता शिरतो. बंद दाराच्या फ्लॅटमध्ये एकट्या राहणाऱ्या माणसाला नेमकी हीच गोष्ट मिळत नसते. बाई फक्त जुने भाग लावत, कारण 2017 नंतर दया मालिकेत नाही. "घरातलं आणखी एक माणूस कमी झालं," असं त्या म्हणाल्या, आणि हसल्या नाहीत.

दुसरा तुकडा रात्रीचा, आणि खरा बिघाड तिथे होता. दहाच्या सुमाराला सोफ्यावर डोळा लागायचा. एक भाग संपला की पुढचा आपोआप सुरू. एक-दीडला जाग यायची, मग पलंगावर जाऊन तीनपर्यंत टक्क उघडे डोळे. त्यांची समजूत अशी, की टीव्हीमुळे निदान तेवढी तरी झोप लागते. झोप लागत होती हे खरं, पण टिकत नव्हती. पंख्याचा आवाज एकसुरी असतो, कान त्याला सरावतात. या मालिकेत कुणी दचकलं की एकेकाचा चेहरा जवळून दाखवतात आणि प्रत्येक चेहऱ्याला ठणाणा संगीत. असा चढउताराचा आवाज झोप मोडतो. शिवाय दिवसभरात साठलेली झोपेची गरज सोफ्यावरच्या तीन तासांत बरीचशी भागते, मग पलंगावर झोप कुठून येणार?

इथे बदल केला तो एवढाच. टीव्हीच्या सेटिंगमध्ये Sleep Timer 30 मिनिटांवर, ऑटोप्ले बंद, आणि शेवटचा भाग बसून, दिवा लावून बघायचा, आडवं होऊन नाही. पेंग आली की सोफा सोडून पलंगावर. पलंगावर वीसेक मिनिटांत झोप आली नाही, तर उठून दुसऱ्या खोलीत काहीतरी कंटाळवाणं वाचायचं आणि पेंग आल्यावरच परत जायचं. घड्याळ बघत बसायचं नाही, अंदाज पुरे. शांतता सहन झाली नाही तर पंखा, नाहीतर तानपुऱ्याचं रेकॉर्डिंग मंद आवाजात. पहिले काही दिवस झोप आणखी बिघडते. हे आधी सांगितलं नाही, तर माणसं तिसऱ्या दिवशी सोफ्यावर परततात.

आवाजाच्या पातळीचीही एक गोष्ट नोंदीतून निघाली. टीव्ही वर्षभरात हळूहळू मोठा होत गेला होता आणि दाराची बेल दोनदा ऐकू आली नव्हती. याला मानसिक कारण शोधण्याआधी कान तपासून घ्यावेत. त्यांच्या बाबतीत कानात मळ साचलेला निघाला, काम तेवढ्यावर भागलं.

तिसरा तुकडा संध्याकाळी सात ते आठचा. या वेळी हातात काही नव्हतं, लक्षही नव्हतं. रकान्यात एकच शब्द: "बसले". यजमान कामावरून याच वेळी घरी यायचे. फक्त याच तासासाठी टीव्ही बंद ठेवून बघायला सांगितलं, आधी दहा मिनिटं. नुसता कंटाळा आला तर काळजी नाही. त्यांना रडू फुटलं. म्हणजे मालिका इथे सोबत करत नव्हती, दुःखावर झाकण ठेवत होती. पुढच्या बऱ्याचशा भेटी टीव्हीबद्दल नव्हत्याच, यजमानांबद्दल होत्या. सकाळच्या आणि दुपारच्या गोकुळधामला मात्र हात लावला नाही. तेही काढून घेतलं असतं, तर दुःखाशी बसायला बळ राहिलं नसतं.

मुलीशी एकदा फोनवर बोलणं झालं. तिचा फोन रात्री साडेनऊला, जेवणं आटपल्यावर यायचा, आणि त्यात पहिलं वाक्य "टीव्ही बंद कर आधी" हे असायचं. आई मग दोन मिनिटांत फोन ठेवायची. फोन सातला हलवला आणि त्यात टीव्हीचा विषय काढायचा नाही असं ठरलं. मालिका आईला सोबत देते, पण आईला ताप आला तर जेठालालला कळत नाही. तो भाग मुलीनेच सांभाळायचा आहे.

एक खूण मुलीला लक्षात ठेवायला सांगितली. नेहमीच्या प्रसंगावरही आई हसेनाशी झाली, टीव्ही चालू पण जेवण टळतंय, फोन उचलले जात नाहीत, आणि असं दोन आठवडे बहुतेक दिवस चाललं, तर तो सवयीचा प्रश्न उरत नाही, नैराश्याची तपासणी करून घ्यावी लागते. जवळ कुणी तज्ज्ञ नसेल तर टेली मानसचा 14416 हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं. जगण्यात अर्थ नाही असं काही बोलणं कानावर आलं, तर दोन आठवडे मोजत बसायचं नाही, त्याच दिवशी फोन करायचा.