मान्सूनच्या धड्यातून उत्तराचे साचे कसे काढायचे

अगं, तू पाठवलेल्या मान्सूनच्या नोट्स सगळ्या वाचल्या. धडा तुला समजलाय यात शंकाच नाही, हॅलीपासून एल निनोपर्यंत सगळं आहे त्यात, पण त्या नोट्समधून उत्तर निघत नाही. कारण तू धडा पुस्तकाच्या क्रमाने उतरवलायस आणि पेपरात पुस्तकाच्या क्रमाने कुणी विचारत नाही.

आधी वेळेचा हिशोब बघ. यूपीएससी मेन्सच्या जीएस पेपरला तीन तास, २५० मार्क, २० प्रश्न. १० मार्काला १५० शब्द, १५ मार्काला २५० शब्द. म्हणजे १५ मार्काच्या उत्तराला साधारण अकरा मिनिटं मिळतात, त्यातली दीड-दोन प्रश्न वाचण्यात आणि मुद्दे ठरवण्यात जातात, उरलेल्या वेळात २५० शब्द हाताने लिहायचे आणि वर आकृती. तिथे बसून हेडिंग काय द्यायचं हा विचार करायला जागाच नाही, तो घरी करून ठेवायचा. राज्यसेवा मुख्य पण २०२५ पासून वर्णनात्मक झालीय, तू दोन्ही देणारेस, त्यामुळे ही मेहनत दोन्हीकडे कामाला येईल.

आता साचा म्हणजे काय ते नीट घे, कारण बहुतेक पोरं इथेच चुकतात. ती एका धड्याचं एक आदर्श उत्तर पाठ करतात आणि मग मान्सून हा शब्द दिसला की तेच ओततात. साचा म्हणजे पाठ केलेलं उत्तर नाही. साचा म्हणजे धड्याचे सुटे ठोकळे, आणि कुठल्या प्रश्नाला कुठला ठोकळा किती लांब लावायचा याची आधीच केलेली तयारी.

मान्सूनच्या धड्याचे माझ्या मते सातच ठोकळे होतात. पहिला जमीन-समुद्राच्या तापमानातला फरक, म्हणजे हॅलीची १६८६ ची कल्पना आणि तिची मर्यादा. दुसरा आयटीसीझेडचं उत्तरेला सरकणं. तिसरा तिबेटचं पठार आणि जेट वारे. चौथा दक्षिण गोलार्धातला मस्कारीनचा उच्च दाब आणि सोमाली जेट. पाचवा मान्सूनच्या दोन शाखा आणि डोंगररांगा. सहावा लहरीपणा, यात एल निनो आणि हिंद महासागरातला द्विध्रुव. सातवा परिणाम, म्हणजे शेती, पाणी, लोकजीवन. मान्सूनची माघार मी वेगळी ठेवत नाही, ती दुसऱ्या ठोकळ्याच्या शेवटी दोन ओळीत बसते.

प्रत्येक ठोकळ्यात चारच गोष्टी लिहायच्या: हेडिंग, तीन वाक्यांची कारणसाखळी, एक ठोस आकडा किंवा ठिकाण, आणि आकृतीची खूण. तिसरा ठोकळा लिहून दाखवतो, बाकीचे तू कर. हेडिंग 'तिबेटचे पठार आणि जेट प्रवाहांचे स्थलांतर'. साखळी अशी: हिवाळ्यात उपोष्ण पश्चिमी जेटची एक शाखा हिमालयाच्या दक्षिणेने वाहते, उन्हाळ्यात तिबेटचे पठार तापून त्याच्या वर उंचावर उच्च दाब तयार होतो आणि ही शाखा जूनच्या सुरुवातीला पठाराच्या उत्तरेला सरकते, त्याच सुमारास द्वीपकल्पावर पूर्वेय जेट प्रस्थापित होतो आणि मान्सूनला आत यायला वाट मिळते. ठोस गोष्ट: केरळात आगमनाची सरासरी तारीख १ जून. आकृतीची खूण: उभा छेद.

या ठोकळ्याचं खरं काम पहिल्या ठोकळ्याची उणीव भरून काढणं हे आहे आणि ते वाक्यात दिसलं पाहिजे. फक्त जमीन तापल्यामुळे पाऊस येत असता तर उत्तर भारत मे महिन्यातच भिजला असता, तेव्हाही तिथे प्रचंड तापलेलं असतं. तरी पाऊस जूनमध्ये येतो आणि येतो तो एकदम. हे 'का' तू लिहिलंस की तपासणाऱ्याला कळतं की हिने धडा समजून घेतलाय. तुझ्या नोट्समध्ये दोन्ही मुद्दे आहेत पण शेजारी शेजारी, एकमेकांशी न बोलता. ठोकळ्यांमधले हे सांधे एका वेगळ्या रंगाच्या पेनाने लिहून ठेव.

आता आकृती. तू 'येथे आकृती काढणे' एवढंच लिहिलंयस, त्याचा परीक्षेत काही उपयोग नाही. खुणेत चार गोष्टी हव्यात: कोणती आकृती, कुठल्या हेडिंगखाली, कोणती पाच-सहा नावं, आणि कुठलं वाक्य तिच्याकडे बोट दाखवणार. मान्सूनला तीन आकृत्या पुरतात. एक, जुलैचा भारताचा नकाशा, त्यात अरबी समुद्र शाखा, बंगाल उपसागर शाखा, गंगेच्या मैदानातली कमी दाबाची पट्टी, सह्याद्री, पर्जन्यछाया. दोन, उभा छेद, डावीकडे मस्कारीनचा उच्च दाब, मधे विषुववृत्त, उजवीकडे भारत आणि तिबेट, खाली नैऋत्येचे वारे, वर पूर्वेय जेट. तीन, सह्याद्रीचा छेद, कोकण-महाबळेश्वर-वाई. ही तिसरी मला फार आवडते कारण ती आपली आहे आणि पाच रेघांत होते. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस आणि तीसेक किलोमीटरवर वाईला त्याच्या पाव हिस्साही नाही, हे चित्रात दाखवलं की पर्जन्यछायेवर तीन ओळी खर्च कराव्या लागत नाहीत.

आकृतीला दीड मिनिट, त्याच्या वर एक सेकंद नाही. घड्याळ लावून भारताची बाह्यरेषा काढायची सवय कर, कर्कवृत्त आधी मार म्हणजे प्रमाण बिघडत नाही. पेन एकच, पेन्सिल-खोडरबर नको, रंगवायचं तर मुळीच नाही. आणि चित्रात जे नाव दिलंय ते परत परिच्छेदात समजावत बसू नकोस, तिथे फक्त 'आकृतीत दाखवल्याप्रमाणे' म्हणून पुढचं कारण लिही.

आता जोडणी. यूपीएससीने २०१७ ला विचारलं होतं की जगाच्या निम्म्याहून जास्त लोकसंख्येला पोसणाऱ्या मान्सून हवामानाची वैशिष्ट्यं कोणती. इथे जेट वाऱ्यांची यंत्रणा लिहिलीस तर संपलं, ती कुणी विचारलेलीच नाही. इथे सातवा ठोकळा मुख्य, पाचवा मदतीला, बाकी सगळं मिळून एक वाक्य. आणि हेडिंग ठोकळ्यावरची तशीच उचलायची नाहीत, प्रश्नातला शब्द त्यात आला पाहिजे: 'उष्णता आणि पाऊस एकाच वेळी: भाताला पोषक', 'कोरडा हंगाम: रब्बीची संधी', 'गाळाची मैदाने: दाट वस्तीचा आधार', आणि शेवटी 'पोसण्याची मर्यादा', कारण अवर्षण आणि पूर हेही याच हवामानाचे गुण आहेत. आकृती नकाशा नको, बारा महिन्यांची एक आडवी पट्टी काढ, जून ते सप्टेंबर पाऊस, खाली खरीप, पुढे रब्बी. अर्ध्या मिनिटाचं काम.

२०२३ ला विचारलं, भोजपूर भागात नैऋत्य मान्सूनला 'पुरवैया' का म्हणतात आणि त्याने तिथल्या सांस्कृतिक जीवनावर काय परिणाम केला. धडा तोच, पण आता पाचवा ठोकळा पुढे येतो: बंगालच्या उपसागराची शाखा हिमालयाला अडून पश्चिमेकडे वळते, गंगेच्या मैदानात वर सरकते, म्हणून तिथल्या माणसाला वारा पूर्वेकडून येताना दिसतो. नकाशात एक वळलेला बाण, झालं. पण प्रश्नाचे दोन भाग आहेत आणि पोरं पहिल्यावरच सगळे शब्द उधळतात. दुसऱ्या भागाला, म्हणजे कजरी, भात लावणीची रोपनी गीतं, पेरणीचं वेळापत्रक, निम्मी जागा राखून ठेव. म्हणून सातव्या ठोकळ्यात लोकजीवनाची दोन-तीन नेमकी उदाहरणं आत्ताच लिहून ठेव, ती परीक्षेत सुचत नाहीत.

प्रस्तावना तीसेक शब्दांची आणि तीन प्रकारची तयार ठेव: व्याख्येची, आकड्याची, प्रश्नातल्या शब्दाची. २५० शब्दांत बॉडीला १८० च्या आसपास राहतात, त्यामुळे 'भारत हा कृषिप्रधान देश आहे' ने सुरुवात करायची चैन परवडत नाही. लहरीपणावर प्रश्न आला तर मी असं सुरू करेन: '१९९७ मध्ये तीव्र एल निनो असूनही भारतात पाऊस सरासरीइतका झाला, २००२ मध्ये मध्यम एल निनो असताना मात्र सुमारे १९ टक्के तूट आली. म्हणजे मान्सूनचा लहरीपणा एकाच घटकाने ठरत नाही.' बघ, यात प्रस्तावनाच भूमिका घेते आणि पुढची हेडिंग आपोआप ठरतात, द्विध्रुवाचा ठोकळा का येतोय ते वेगळं सांगावं लागत नाही.

समारोप पाठ करून जाऊ नकोस, फक्त प्रकार ठरव. 'स्पष्ट करा' असेल तर साखळीचं शेवटचं टोक एका वाक्यात, 'चिकित्सक परीक्षण करा' असेल तर तुझा निवाडा आणि त्याची मर्यादा. दोन वाक्यं पुरे. सरकारी योजनांची नावं प्रत्येक समारोपात चिकटवायची सवय तुझ्या उत्तरांत दिसली, ती सोड, मान्सूनच्या यंत्रणेवरच्या प्रश्नात योजना कशाला.

साचा प्रश्नाला खाऊन टाकतोय का हे ओळखायचं कसं, तर उत्तर लिहून झालं की वरचा प्रश्न झाकायचा आणि मैत्रिणीला फक्त हेडिंग आणि समारोप वाचायला द्यायचा. तिने प्रश्न ओळखला तर उत्तर बरोबर जुळलंय. तिने नुसतं 'मान्सूनबद्दल काहीतरी' असं म्हटलं तर ठोकळे धड्यातून सरळ उचललेत, हेडिंग बदल. दुसरी खूण वेळेची: बारा मिनिटांच्या वर गेलीस तर बहुतेक ठोकळे जास्त झालेत, हात हळू आहे असं समजू नकोस. २५० शब्दांत चार ठोकळ्यांच्या वर काही नीट मावत नाही.

सगळं मिळून एका धड्याचं एकच पान झालं पाहिजे, पाठपोट चालेल. उरलेले सहा ठोकळे आणि तीन आकृत्यांच्या खुणा रविवारपर्यंत लिहून फोटो पाठव, उत्तरं लिहायची घाई करू नकोस. पहिला ठोकळा लिहिताना हॅलीला दोन ओळींच्या वर देऊ नकोस, उरलेली जागा त्याच्या मर्यादेला दे.