‘जरा बघून घ्या’ या विनंतीला उत्तर का येत नाही?

“प्रस्तावाचा मसुदा मी सहकाऱ्यांना पाठवते आणि ‘जरा बघून घ्या’ असे लिहिते. एक तर उत्तरच येत नाही, किंवा ‘छान झालाय’ एवढेच येते. वयाने आणि अनुभवाने मोठ्या माणसाला नेमके प्रश्न विचारून वर मुदत घातली, तर ते उद्धटपणाचे दिसणार नाही का?”

हा प्रश्न घेऊन आलेली तरुणी एका ग्रामविकास संस्थेत समन्वयक होती. गावतलावातला गाळ काढण्यासाठी एका कंपनीच्या सामाजिक दायित्व निधीतून मदत मिळावी, असा तिचा प्रस्ताव होता. बावीस पानांचा मसुदा तिने कार्यालयाच्या गटावर टाकला होता आणि चारही सहकारी गप्प होते. या शांततेचा अर्थ तिने ‘माझे काम कोणाला महत्त्वाचे वाटत नाही’ असा लावला होता. मी तिला एवढेच विचारले की, त्या चौघांपैकी कोणी, कोणते पान, कशासाठी वाचायचे होते? तिला सांगता येईना. जे तिलाच ठरवता आले नव्हते ते वाचणाऱ्यांनी ओळखावे, अशी तिची अपेक्षा होती. शिवाय गटावर टाकलेला मजकूर दुसरा कोणीतरी वाचेल, असे प्रत्येकाला वाटणे स्वाभाविकच होते.

मग आम्ही मसुदाच समोर घेतला आणि कोणत्या आकड्याची तिला खात्री नाही, ते शोधले. १०,००० घनमीटर गाळ, पोकलेन तासाला ६० घनमीटर काढणार, म्हणजे सुमारे १६७ तास. दिवसाला आठ तास धरले तर २१ दिवस. काम १० मेला सुरू झाले तर ३० मेपर्यंत उरकते. हा ६० चा आकडा कुठून आला, असे विचारल्यावर ती म्हणाली, “जुन्या प्रस्तावात होता.” संस्थेत अशी कामे उभे राहून करून घेतलेले एक ज्येष्ठ अभियंता होते आणि खरा प्रश्न त्यांच्यासाठीच होता. व्यवस्थापन खर्चाबद्दलची तिची शंका लेखापालांना विचारण्यासारखी होती, त्यामुळे ती अभियंत्यांच्या पत्रातून काढून वेगळी पाठवायची ठरली.

मुदतीचा हिशेब आम्ही उलटा केला. प्रस्ताव सोमवारी जायचा होता, संचालकांची सही शनिवारी होणार होती आणि दुरुस्तीला एक दिवस हवा होता. म्हणून उत्तर गुरुवारी संध्याकाळपर्यंत मिळायला हवे होते. तिने आधी मनात रविवार धरला होता, आणि तसे झाले असते तर आलेली सूचना वाचून हळहळण्यापलीकडे तिच्या हाती काही उरले नसते. शेवटी तिने असे लिहिले:

“दादा, तलावाच्या प्रस्तावातील फक्त पान ७ आणि ८ आपण पाहावीत, ही विनंती. अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ लागू नये. दोन प्रश्न आहेत. पोकलेनला तासाला ६० घनमीटर धरले आहे. मागच्या उन्हाळ्यात प्रत्यक्षात किती निघाला? आणि शेतकरी स्वतःच्या ट्रॅक्टरने गाळ नेतील असे गृहीत धरले आहे. ट्रॅक्टर कमी पडून यंत्र थांबून राहते का? भाषा मी नंतर तपासणार आहे, ती पाहू नये. शुक्रवारी दुरुस्ती करून शनिवारी सही घ्यायची असल्याने उत्तर गुरुवारी सहापर्यंत हवे आहे. जमणार नसेल तर उद्या कळवावे, म्हणजे दुसऱ्या कोणाला विचारता येईल.”

‘उत्तर आले नाही तर मान्य आहे असे समजेन’ असे एक वाक्य तिला घालायचे होते. मुखपृष्ठावरच्या छायाचित्रासाठी ते चालले असते. ज्या आकड्यावर अंदाजपत्रक उभे आहे त्यासाठी मौनाला होकार मानू नये, म्हणून ते आम्ही गाळले. मुदतीमागचे कारण मात्र मुद्दाम ठेवले. कारणाविना घातलेली मुदत हुकमासारखी वाटते, पण शनिवारच्या सहीचा उल्लेख आला की ती कामाचीच गरज ठरते आणि ज्येष्ठांचा मान कुठेही उणावत नाही.

उत्तर बुधवारीच आले. भिंतीजवळचा गाळ चिकट असतो, ट्रॅक्टरची वाट पाहण्यात वेळ जातो, त्यामुळे ४५ च्या वर धरू नये, असे त्यांनी कळवले. त्या हिशेबाने २२२ तास, म्हणजे २८ दिवस लागत होते आणि काम ६ जूनपर्यंत, पावसाच्या तोंडावर, लांबत होते. तिने गाळाचे परिमाण ७,५०० घनमीटरवर आणले, तेव्हा ते पुन्हा २१ दिवसांत बसले.

तलावाला मिळणारा ओढाही खोल करावा, अशी त्यांची आणखी एक सूचना होती, पण तिला ती घेता आली नाही. आकडा बदलल्याचे सांगताना तिने तेही स्पष्ट लिहिले: ओढ्याच्या कामाचे सर्वेक्षण झालेले नाही, म्हणून या प्रस्तावात ते घेतलेले नाही. त्यावर सर्वेक्षणासाठी कोणत्या महिन्यात जावे, हे सांगणारा त्यांचा दोन ओळींचा निरोप आला.