सेटलमेंटचा रिकव्हरी टाइम कटऑफपासून उलटा मोजा

प्रश्न: नागपुरात आमची पंचवीस जणांची पेमेंट कंपनी आहे. बीआयए, म्हणजे कोणतं काम बंद पडलं तर काय परिणाम होतो याचा अभ्यास करतोय, तर प्रत्येक विभाग म्हणतो, "आमचं काम दोन तासांत सुरू व्हायलाच पाहिजे." रिकव्हरी टाइम ठरवायचा कसा?

उत्तर: विभागांना "किती तास चालेल?" असं विचारू नका. "किती वाजता उशीर भरून निघणं बंद होतं?" असं विचारा. दुकानदारांच्या सेटलमेंटचंच बघू.

समजा बँक पेआउट फाइल दुपारी २ पर्यंत घेते. तुमचं काम सकाळी ९ ला सुरू होतं. रिकन्सिलिएशनला, म्हणजे व्यवहारांचा ताळा घ्यायला, दीड तास; फाइल आणि मेकर-चेकर मंजुरीला, म्हणजे एकानं बनवून दुसऱ्यानं तपासायला, अर्धा तास. म्हणजे १२ ला सिस्टम आली तरी जमतं, तीन तास हातात आहेत. पण हा साधा दिवस झाला. धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या गर्दीनंतर किंवा दिवाळीत रिकन्सिलिएशनलाच तीन तास लागले, तर शेवटची वेळ साडेदहा. हातात उरला दीड तास. बीआयएत हाच दिवस धरायचा, सरासरी नाही.

थोडी मोकळीक ठेवून रिकव्हरी टाइम ७५ मिनिटं लिहा. घड्याळ बिघाड झाला तेव्हापासून चालतं, हे बरेचदा विसरलं जातं. बिघाड लक्षात यायला २० मिनिटं, निर्णयाला १०, म्हणजे तांत्रिक टीमला फक्त ४५. बॅकअप रिस्टोअरला चाचणीत दोन तास लागत असतील, तर ७५ हा आकडा कागदावरच राहील. एक तर स्टँडबाय सर्व्हर घ्या, नाहीतर काम सकाळी ७ ला सुरू करा. मग साडेतीन तास मिळतात. लहान कंपनीसाठी मी आधी हाच उपाय बघेन.

आता अवलंबित्व. सर्व्हर उभा राहतो, पण फाइल जात नाही, कारण बँकेनं तुमच्या सीताबर्डीच्या ऑफिसचाच आयपी मंजूर केलेला असतो. किंवा चेकरचा डिजिटल सहीचा टोकन बंद ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये असतो. पर्यायी आयपी आधीच मंजूर करून घ्या, दुसरा चेकर त्याच्या स्वतःच्या टोकनसह तयार ठेवा, आणि त्या जागेवरून खरी छोटी फाइल पाठवून बघा.

सगळ्यात महाग पडतो तो जुना डेटा. रिस्टोअर तासाभरापूर्वीचा असेल, तर त्या तासात गेलेले पेआउट "बाकी" दिसतात आणि पुन्हा जातात. बँकेच्या रिस्पॉन्स फाइलशी ताळा झाल्याशिवाय पेआउट सुरू होऊ देऊ नका. ही वेळही वरच्या ७५ मिनिटांतच बसली पाहिजे.

तक्रारींना एवढी घाई नसते. यूपीआयनं दुकानदाराला पैसे देताना खात्यातून रक्कम गेली, पण दुकानदाराकडे पुष्टी आली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या परिपत्रकानुसार टी+५, म्हणजे व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत ती परत जावी लागते, नंतर दिवसाला १०० रुपये भरपाई. त्यातले दिवस बँकांकडेही जातात, म्हणून तुमच्या टप्प्याला मी २४ तास धरेन.