बँकेतून पब्लिक पॉलिसीकडे: एसओपीत काय लिहू?

प्रश्न: यवतमाळ जिल्ह्यात सहा वर्षं ॲग्री ऑफिसर आहे. पब्लिक पॉलिसीच्या मास्टर्सला अर्ज करतोय, पण एसओपीत, म्हणजे हा कोर्स का करायचाय ते सांगणाऱ्या निबंधात, बँकेचं काम त्याला जोडताच येत नाही. काय लिहू?

उत्तर: भाऊ, तुमची पोस्ट वाचून माझीच जुनी फाईल उघडल्यासारखं झालं. मीपण तिकडच्याच शाखेत होतो. मार्कशीट, रेफरन्स वगैरे तुम्ही पाहालच, मी फक्त एसओपीचं सांगतो कारण माझं एक वर्ष त्यातच गेलं.

पहिल्या वर्षी मी एसओपीत काय लिहिलं तर डिपॉझिट किती वाढवले, एनपीए वसुली किती केली, अन् शेवटी "शेतकऱ्यांसाठी काहीतरी करायचंय". प्रमोशनच्या इंटरव्ह्यूचा कागद झाला होता तो. एकाही ठिकाणाहून बोलावणं नाही.

दुसऱ्या वर्षी एकच गोष्ट धरली. राज्याच्या 2017 च्या कर्जमाफीत सुरुवातीला दीड लाखाची मर्यादा कुटुंबाला होती. आता समजा नवऱ्याच्या खात्यावर थकीत 95 हजार अन् बायकोच्या 80 हजार, दोघं वेगवेगळे बसले असते तर पूर्ण माफ. पण एकत्र झाले 1 लाख 75 हजार, म्हणजे वरचे 25 हजार आधी भरा, मग दीड लाख मिळणार. आता थकीत माणूस 25 हजार आणणार कुठून, सावकाराकडूनच ना! 2019 च्या योजनेत हिशोब व्यक्तीवर होता अन् मर्यादा दोन लाख झाली, तर हेच जोडपं सरळ बसते. काउंटरवर मला लोक विचारत "साहेब, यादीत नाव काऊन नाही" अन् मी पोर्टलकडे बोट दाखवत होतो. एसओपीत लिहिलं की मोजायचं एकक कोणतं, कुटुंब की व्यक्ती, हे कोण अन् कशावरून ठरवते ते मला शिकायचंय, अन् म्हणून योजनेची आखणी अन् मूल्यमापन हे पेपर हवेत. इंटरव्ह्यूत पॅनेलने अर्धा वेळ यावरच घेतला, "मग कुटुंब धरलं नाही तर एकाच घरात चार खाती माफ होतील त्याचं काय?" असं उलटं विचारलं. त्याचं उत्तर तयार ठेवा. कुटुंब धरण्यामागे कारण होतं हे मान्य करा, सरकारला शिव्या घालू नका.

हे माझ्यापुरतं बरं का, प्रत्येक कॉलेजचं वेगळं असते. अन् ग्राहकाचं नाव, खाते नंबर, गाव काहीच टाकू नका, आकडेपण बदला.

आता खरा मनस्ताप. आमच्या वरच्या ऑफिसने अनुभव प्रमाणपत्र द्यायला इतके हेलपाटे मारायला लावले की बाप्पा! शेवटी दिलं ते दोन ओळींचं, अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत नोकरीत, बस. पीककर्ज, पीकविमा, कर्जमाफीचं काम केलं याचा एक शब्द नाही. म्हणून सांगतो, राजीनाम्याचं तोंडातून काढायच्या आधी ट्रान्सफर ऑर्डर अन् कामवाटपाच्या ऑफिस ऑर्डरच्या झेरॉक्स घरी नेऊन ठेवा. अन् खरिपात पीककर्जाच्या नव्या-जुन्याच्या गर्दीत मॅनेजरकडे एनओसी मागायला जाऊ नका, मार्चमध्ये तर अजिबातच नाही.