गोळीने जळजळ थांबते, म्हणजे ॲसिडिटीच का?

"माझं वय 57. चार महिन्यांपासून छातीच्या खाली जळजळते. गोळी घेतली की दोन-तीन दिवसांत थांबते, सोडली की परत सुरू. मुलगी दुर्बिणीची तपासणी करा म्हणून मागे लागली आहे. कॅन्सर असता तर साध्या गोळीने बरं वाटलं असतं का?"

वाटलं असतं. हे गृहस्थ पत्नी आणि मुलीबरोबर माझ्यासमोर बसले होते तेव्हा मी पहिलं उत्तर हेच दिलं. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) ओमेप्राझोल, पँटोप्राझोल या गोळ्या जठरातलं आम्ल तयार होणंच कमी करतात. जठरातल्या गाठीवर बऱ्याचदा व्रण पडलेला असतो आणि त्यावर आम्ल लागलं की जळजळतं. आम्ल घटलं की जळजळ घटते. कधी कधी व्रणावर वरवर नवी त्वचाही धरते आणि खालची गाठ तशीच राहते. थोडक्यात, गोळीने आराम पडला याचा अर्थ दुखण्यात आम्लाचा वाटा होता, एवढाच. व्रण मुळात कशामुळे पडला, ते गोळी सांगू शकत नाही.

म्हणून गोळीचा विषय बाजूला ठेवून मी त्यांना विचारलं, याआधी ॲसिडिटी कधी होती? "कधीच नाही. दगड पचवायचो मी." माझ्या दृष्टीने इथे प्रकरण बदललं. वीस वर्षं त्याच प्रकारे, त्याच कारणांनी जळजळणारा माणूस वेगळा आणि 55-60च्या आसपास पहिल्यांदाच त्रास सुरू झालेला माणूस वेगळा. दुसऱ्याला डॉक्टर दुर्बिणीची तपासणी लवकर सुचवतात, ते उगाच नाही. अर्थात जुन्या दुखण्यानेही अचानक रूप बदललं, तर तेही नवंच समजायचं.

जेवणाबद्दल त्यांनी "ठीक आहे" म्हटलं आणि पत्नीने लगेच खोडून काढलं. "ठीक कुठलं? हे अर्धं ताट तसंच ठेवून उठतात. भूक लागली म्हणून बसतात आणि चार घासांत पोट भरलं म्हणतात." भूक नसणं आणि भूक असूनही लगेच पोट भरणं या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. दुसरी साध्या अपचनातही असते. पण ती आठवड्यामागून आठवडे टिकली आणि सोबत वजन उतरू लागलं, तर तिला गॅस म्हणून सोडून देऊ नये. वजन त्यांनी केलंच नव्हतं. पट्टा दोन भोकं आत गेला होता आणि त्याचं श्रेय ते संध्याकाळच्या फिरण्याला देत होते. आमच्याकडच्या काट्यावर 63 किलो भरले. सहा महिन्यांपूर्वीच्या तपासणीच्या कागदावर 68 होते. प्रयत्न न करता सहा-बारा महिन्यांत वजनाचा विसावा हिस्सा उतरला तरी डॉक्टर कारण शोधतात. यांचा त्याहून जास्त उतरला होता.

त्याच कागदावर आणखी एक आकडा होता, हिमोग्लोबिन 9.8. त्यावर त्यांना लोहाच्या गोळ्या मिळाल्या होत्या आणि त्या ते नेमाने घेत होते. लोह कमी का झालं, हा प्रश्न मात्र कोणी विचारलाच नव्हता. पुरुषात, किंवा पाळी थांबलेल्या स्त्रीत, लोह कमी पडलं तर पचनमार्गातून थोडं थोडं रक्त झिरपतंय का हे पाहावंच लागतं. जठरातलं रक्त खाली येईपर्यंत काळं होतं, त्यामुळे शौच डांबरासारखं काळं, चिकट आणि उग्र वासाचं होऊ शकतं. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळसर होतं, म्हणून त्यांनी तिकडे लक्ष दिलं नव्हतं. आणि हळूहळू झिरपणारं रक्त डोळ्यांना अजिबात दिसत नाही. तिथे रक्ततपासणीच बोलते.

मग धोक्याच्या कारणांकडे वळलो. "मी तिखट खात नाही, मग मला कसा होईल?" हे वाक्य मी सतत ऐकते. तिखटाने जळजळ वाढते, पण जठराच्या कॅन्सरचं ते सिद्ध कारण नाही. मोठं कारण आहे हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जिवाणू. ऑस्ट्रेलियातल्या बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी 1982 मध्ये तो शोधला आणि 1994 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने त्याला कॅन्सर घडवणाऱ्या घटकांत टाकलं. तो बहुधा लहानपणी, घरातल्या घरातच लागतो. जठराच्या अस्तराला वर्षानुवर्षं सूज राहते, अस्तर झिजतं, त्याच्या पेशींचं रूप बदलतं आणि मोजक्या लोकांत पुढे कॅन्सर होतो. संसर्ग असलेल्या बहुतेकांना तो कधीच होत नाही, हे मी मुद्दाम सांगते. धूम्रपान, खारवलेले पदार्थ रोज खाणं आणि आई-वडील किंवा भावंडांपैकी कोणाला हा आजार असणं यांनी धोका वाढतो. यांनी पंचवीस वर्षं सिगरेट ओढली होती. वडील "अल्सरने" गेले, एवढंच घरात माहीत होतं. तो अल्सरच होता की आणखी काही, हे आता कळणार नाही. पण डॉक्टरांना ते सांगा, असं मी म्हटलं.

खरी अडचण शेवटी बाहेर आली. "तुकडा काढला की पसरतो म्हणतात." दुर्बिणीच्या तपासणीला लोक नळीपेक्षा या समजुतीमुळे जास्त घाबरतात. काढतात ते तुकडे तांदळाच्या दाण्याहून लहान असतात, काढताना दुखत नाही आणि त्याने कॅन्सर पसरत नाही. उलट, व्रण नुसता पाहून तो साधा की कॅन्सरचा हे अनुभवी डोळ्यालाही खात्रीने सांगता येत नाही. म्हणून कडेच्या वेगवेगळ्या जागांवरून सहा-आठ तुकडे घेतात. तुकड्यांत काही निघालं नाही तरी जठरातला व्रण भरला का, हे पाहायला बहुधा दोन-तीन महिन्यांनी पुन्हा दुर्बीण टाकतात. ही दुसरी फेरी लोक हटकून चुकवतात, कारण तोवर गोळीने बरं वाटत असतं.

यांच्या जठराच्या खालच्या भागात दीड सेंटिमीटरचा व्रण निघाला. तुकड्यांत कॅन्सर होता. पुढच्या तपासण्यांत तो भिंतीच्या वरच्या थरांतच असल्याचं दिसलं. शस्त्रक्रियेने जठराचा खालचा भाग आणि जवळच्या लसीका ग्रंथी काढल्या. आता ते थोडं थोडं, दिवसातून सहा वेळा खातात. इतक्या लवकर सापडणं नेहमीचं नाही. सुरुवातीच्या अवस्थेत अनेकांना काहीच होत नाही आणि वजन उतरेपर्यंत आजार बराच पुढे गेलेला असतो. दुसऱ्या बाजूने, अशाच तक्रारी घेऊन दुर्बिणीखाली जाणाऱ्या बहुतेकांना कॅन्सर निघत नाही, हेही तितकंच खरं.

जाताना मुलीने विचारलं, आम्ही भावंडांनी काय करायचं? त्या जिवाणूची तपासणी: श्वासाची किंवा शौचाची. पॉझिटिव्ह आली तर साधारण 14 दिवसांचा औषधांचा कोर्स, आणि तो संपल्यावर किमान चार आठवड्यांनी जिवाणू गेला का हे पाहणारी फेरतपासणी. तपासणीआधी दोन आठवडे ॲसिडिटीच्या या गोळ्या आणि चार आठवडे अँटिबायोटिक बंद हवं, नाहीतर जिवाणू असूनही अहवाल निगेटिव्ह येऊ शकतो. धाकटा भाऊ जळजळीसाठी अधूनमधून वडिलांचीच गोळी घेत होता. त्याच्या तपासणीची तारीख आम्ही दोन आठवडे पुढे ढकलली.